विमान कंपनीनेच रद्द केलं, दुसऱ्या दिवशीचं विमान आम्ही नाकारलं, आता रिफंडचं पत्र कसं लिहू?

मृण्मयी_कोथरूड – २२ नोव्हेंबर २०२४, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

१६ तारखेला शनिवारी नागपूरला माझ्या मावसबहिणीचा संध्याकाळी साखरपुडा होता. मी, नवरा आणि सासूबाई अशी तिघांची पुणे-नागपूर तिकिटं दोन महिने आधी एका बुकिंग पोर्टलवरून काढली होती, शनिवारी सकाळी ६:०५ चं विमान. शुक्रवारी रात्री ९:४२ ला एसएमएस आला की ऑपरेशनल कारणांमुळे विमान रद्द झालंय आणि तुम्हाला रविवारी १७ तारखेच्या दुपारी २:३५ च्या विमानात टाकलंय. साखरपुडा शनिवारी, रविवारी दुपारी जाऊन काय करू मी? कंपनीच्या नंबरवर पाऊण तास होल्डवर होते, शेवटी फोन कट झाला. मग पोर्टलच्या ॲपमध्ये गेले तर तिथे रिफंड असं काही दिसेना, नुसतं "बुकिंग रद्द करा" दिसलं, ते मी ११:१५ ला दाबलं. आणि साडेअकराला गाडी ठरवून समृद्धीने निघालो, सासूबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, रात्रभर गाडीत बसून त्यांचे पाय सुजले. दुपारी बाराला पोचलो.

आता पोर्टलने १७,४०० मधले फक्त ६,६०० परत केलेत. म्हणतात विमान कंपनीचे कॅन्सलेशन चार्जेस प्रत्येकी ३,००० कापले, सीटचे पैसे नॉन-रिफंडेबल, आणि कन्व्हिनियन्स फी तर कधीच परत मिळत नाही. विमान कंपनीला मेल केला तर एका ओळीत उत्तर आलं, तुम्ही एजंटमार्फत बुक केलंय, एजंटशी बोला. पोर्टल म्हणतं कंपनीने आम्हाला एवढेच दिले.

मी एक पत्र लिहिलंय, दीड पानाचं, त्यात सासूबाईंचे पाय, रात्रीचा प्रवास, कॉल सेंटरचा अनुभव सगळं आहे, पण नवरा म्हणतो हे कोणी वाचणार नाही. कोणी असं पत्र लिहून पैसे परत मिळवलेत का? नेमकं काय लिहायचं?

---

साधा_माणूस – २२ नोव्हेंबर, रात्री १०:५१

वाचून वाईट वाटलं, पण खरं सांगू का, तुम्ही रद्द करा दाबलंत तिथे चुकलं. नियम असा आहे की प्रवाशाने रद्द केलं की चार्जेस कापणारच. दाबलं नसतं तर पूर्ण रिफंड मिळाला असता. आणि नुकसानभरपाई वगैरे मागू नका, कारण कंपनीने दुसरं विमान देऊ केलं होतं आणि तुम्ही नाकारलंत म्हणजे त्यांची जबाबदारी संपली. माझ्या मेहुण्याला क्रेडिट शेल देत होते, म्हणजे पैसे परत न देता पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा, वर्षभरात वापरता येतं, तेच मागा, लवकर मिळेल.

---

तिकीटखिडकी – २२ नोव्हेंबर, रात्री ११:३८

मृण्मयीताई, मी २२ वर्षं एअरलाइनच्या तिकिटिंगमध्ये काढली, आता निवृत्त होऊन नाशिकला असतो. साधा_माणूस यांचं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, बाकीचं नाही, आणि तुम्ही त्यावर विसंबून क्रेडिट शेल घेऊन बसाल म्हणून लगेच लिहितोय.

आमच्या कामात रिफंड दोन प्रकारचे. प्रवाशाने आपणहून रद्द केलं तर व्हॉलंटरी, कंपनीमुळे प्रवास झाला नाही तर इनव्हॉलंटरी. व्हॉलंटरी असेल तर सिस्टिम भाड्याचे नियम लावून चार्जेस आपोआप कापते, कोणी माणूस त्यात डोकं घालत नाही. इनव्हॉलंटरी असेल तर काहीच कापायचं नसतं. तुम्ही पोर्टलवर जे बटण दाबलंत ते व्हॉलंटरीचं होतं, म्हणून मशीनने ९,००० कापले. म्हणजे तुमचा हक्क गेलेला नाही, तुमची केस चुकीच्या खान्यात पडलीय. तुमच्या पत्राचं काम एवढंच आहे, ती केस योग्य खान्यात टाकायला लावणं.

आणि ते सिद्ध करायला तुमच्याकडे भक्कम पुरावा आहे, तो म्हणजे वेळ. कंपनीने विमान रद्द केलं ९:४२ ला, तुम्ही बटण दाबलं ११:१५ ला. जे विमान दीड तास आधीच रद्द झालेलं होतं ते तुम्ही रद्द कसं करणार? कंपनीच्या सिस्टिममध्ये प्रत्येक पीएनआरची हिस्टरी असते, कोणी कधी काय बदललं ते मिनिटासकट दिसतं. पत्रात लिहायचं की पीएनआर हिस्टरी बघा. ज्याला तिकिटिंग कळतं तो माणूस ती ओळ वाचून समजतो की समोरच्याला माहितीय.

एक गोष्ट मात्र बरी केलीत. काहीच न करता गप्प बसला असतात तर रविवारी २:३५ ला ते दुसरं विमान तुमच्याशिवाय उडालं असतं आणि सिस्टिमने तुम्हाला नो-शो, म्हणजे न आलेले प्रवासी, करून टाकलं असतं. मग फक्त टॅक्स परत मिळतील अशी उत्तरं यायला लागतात आणि भांडण दुप्पट लांबतं. त्यामुळे बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो, नवीन विमान नको असेल तर ते उडायच्या आत, लेखी, "मला हे पर्यायी विमान मान्य नाही, पूर्ण रिफंड हवा" एवढं एक वाक्य कंपनीच्या मेलवर पाठवून ठेवा. फोन लागो न लागो.

भरपाईबद्दल उद्या लिहितो, त्याआधी मला तीन गोष्टी सांगा. १७,४०० ची फोड, तिकिटावर लिहिलेली पोचायची वेळ, आणि पोर्टलने पीएनआरमध्ये तुमचाच मोबाइल टाकला होता का त्यांचा.

---

राइनकाठी – २३ नोव्हेंबर, पहाटे २:२०

मी फ्रँकफर्टजवळ राहतो. ताई, तुम्ही युरोपचा २६१ नंबरचा नियम लावा! आमचं गेल्या वर्षी फ्रँकफर्ट-मुंबई रद्द झालं होतं, चौदा दिवसांच्या आत कळवलं म्हणून माणशी ६०० युरो मिळाले, शिवाय तिकिटाचे पूर्ण पैसे, तेही सात दिवसांत द्यावे लागतात. व्हाउचर तुमच्या सहीशिवाय देताच येत नाही. पुणे-नागपूर म्हणजे १५०० किमीच्या आत, तर २५० युरो गुणिले तीन.

---

तिकीटखिडकी – २३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

राइनकाठी, तुमच्या बाबतीत ते बरोबर आहे कारण तुम्ही युरोपातून निघाला होतात. तो नियम युरोपातून निघणाऱ्या कुठल्याही विमानाला लागतो, आणि बाहेरून युरोपात येणाऱ्या विमानाला फक्त कंपनी युरोपातली असेल तर. पुणे-नागपूरला त्याचा काही संबंध नाही. इथे डीजीसीएचे, म्हणजे आपल्या सरकारी विमान वाहतूक नियामकाचे नियम. पत्रात युरोपचा नियम टाकला तर वाचणारा पुढचं गांभीर्याने घेणार नाही.

---

बापटवाडी – २३ नोव्हेंबर, सकाळी ८:३३

माझंही असंच झालंय. गणपतीत पुण्याहून दिल्लीला जायचं होतं, विमाननगरच्या चौकात तासभर अडकलो, काउंटर बंद झालं होतं, आत घेतलं नाही. तिकीट ८,१०० चं. मलाही पूर्ण रिफंड मिळेल का? मीही हेच पत्र पाठवू का?

---

तिकीटखिडकी – २३ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

बापट, तुमची केस वेगळी हो. विमान वेळेवर गेलं, तुम्ही पोचला नाहीत. तुम्हाला हे पत्र चालणार नाही. पण सरकारी कर आणि विमानतळाची यूजर डेव्हलपमेंट फी तिकीट न वापरल्यास परत करावी लागते, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी. अनेकांना माहीत नसतं म्हणून ते पैसे मागायचे राहतात. तेवढी मागणी वेगळी करा.

---

मृण्मयी_कोथरूड – २३ नोव्हेंबर, सकाळी ११:४७

काका, खूप खूप आभार, काल रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली.

फोड अशी आहे. तिकीट प्रत्येकी ५,२००, त्यात मूळ भाडं आणि फ्युएल चार्ज मिळून ४,३०० आणि बाकी ९०० टॅक्स वगैरे. तिघांचे १५,६००. सीट निवडायचे प्रत्येकी २५० म्हणजे ७५०, सासूबाईंना पाय पसरायला म्हणून पुढची घेतली होती. पोर्टलची कन्व्हिनियन्स फी १,०५०. क्रेडिट कार्डने भरले. ६:०५ ला निघून ७:२५ ला पोचणार होतं. मोबाइल माझाच होता, म्हणून तर एसएमएस आला, पण ईमेल पोर्टलचा कुठला तरी होता, मला कंपनीचा मेल आलाच नाही.

आणि गाडीचे १९,५०० झाले ते मागता येतात का?

---

तिकीटखिडकी – २३ नोव्हेंबर, दुपारी ३:२६

चला, आता नीट बोलू.

डीजीसीएची जी सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट म्हणजे सीएआर आहे, सेक्शन ३, सिरीज एम, तिचे दोन भाग तुमच्या कामाचे. पार्ट ४ मध्ये रद्द झालेल्या विमानांचं आहे आणि पार्ट २ मध्ये रिफंडचं. पत्रात फक्त हे दोन उल्लेख करा, जास्त कलमं लिहून उपयोग नसतो.

पार्ट ४ प्रमाणे विमान रद्द होणार असेल तर दोन आठवडे आधी कळवायचं. तेवढं जमलं नाही आणि २४ तास आधीपर्यंत कळवलं तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत निघणारं दुसरं विमान द्यायचं नाहीतर रिफंड, आणि यातलं काय हे प्रवाशाने ठरवायचं. तुम्हाला कळलं सव्वाआठ तास आधी, म्हणजे हे दोन्ही टप्पे त्यांनी चुकवले. अशा वेळी कंपनीने एकतर प्रवाशाला मान्य असेल असं दुसरं विमान द्यायचं, नाहीतर पूर्ण रिफंड आणि शिवाय भरपाई. साधा_माणूस, इथे तुमचं चुकतंय. "मान्य असेल असं" हे शब्द महत्त्वाचे आहेत, नुसतं देऊ केलं म्हणून जबाबदारी संपत नाही. मृण्मयीताईंनी ३२ तासांनंतरचं विमान मान्य केलेलंच नाही.

भरपाई किती, तर विमानाच्या ब्लॉक टाइमवर, म्हणजे निघण्यापासून पोचेपर्यंतच्या ठरलेल्या वेळेवर. एक तासापर्यंत ५,०००, एक ते दोन तास ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००. पण ही वरची मर्यादा आहे, हा आकडा किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी असेल ते. तुमचा प्रवास १ तास २० मिनिटांचा, म्हणजे ७,५०० ची पायरी, पण मूळ भाडं आणि फ्युएल ४,३०० च आहे, म्हणून माणशी ४,३००, तिघांचे १२,९००. लोक सरळ ७,५०० लिहून मोकळे होतात आणि कंपनी "मागणी नियमात बसत नाही" म्हणून सगळंच पत्र बाजूला ठेवते. नेमका आकडा लिहा.

दोन वेळा भरपाई मिळत नाही. एक म्हणजे बुकिंग करताना नीट संपर्क दिलेला नसेल तर. पोर्टल कधीकधी आपलाच नंबर टाकतं आणि इथे प्रवासी अडकतो. तुमचा मोबाइल होता, वाचलात. दुसरं म्हणजे कंपनीच्या हाताबाहेरची कारणं, नैसर्गिक आपत्ती, दंगल, पूर, स्फोट, सरकारी आदेश, संप, शिवाय हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण म्हणजे एटीसी वगैरे. तुमच्या एसएमएसमध्ये नुसतं "ऑपरेशनल कारणं" आहे, हे त्या यादीत नाही. म्हणून पत्रात कारण लेखी मागायचं.

आणि हे नीट लक्षात ठेवा, कारण काहीही असो, अगदी वादळ असो, रिफंड द्यावाच लागतो. कारणाचा प्रश्न फक्त भरपाईला. म्हणून पत्रात या दोन मागण्या वेगवेगळ्या ठेवायच्या, नाहीतर भरपाई नाकारताना रिफंडही त्याच वाक्यात नाकारून टाकतात.

पार्ट २ मध्ये दोन गोष्टी. पोर्टल किंवा एजंटकडून तिकीट घेतलं असलं तरी रिफंडची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट हा त्यांचाच प्रतिनिधी, आणि २०२४ च्या नियमाप्रमाणे ३० कामाच्या दिवसांत ते पूर्ण व्हायला पाहिजे. कंपनीकडून थेट कार्डवर घेतलं असतं तर सात दिवस. दुसरं, क्रेडिट शेलमध्ये पैसे ठेवायचे की नाही हे प्रवासी ठरवणार, कंपनी आपोआप तसं करू शकत नाही.

गाडीचे १९,५०० या नियमात बसत नाहीत. पत्रात मागणी म्हणून घालू नका. सासूबाईंच्या पायांचंही इथे नको, ते खरं आहे आणि मला वाचून वाईट वाटलं, पण ते ग्राहक आयोगात गेलात तर तिथे उपयोगी पडेल.

पत्र मराठीत लिहून देतो म्हणजे सगळ्यांना कळेल, पाठवताना इंग्रजीत करा. कस्टमर केअरच्या मेलवर नाही, कंपनीच्या वेबसाइटवर तक्रारींसाठी नेमलेल्या नोडल ऑफिसरचा पत्ता असतो तिथे, आणि पोर्टलला कॉपी.

> विषय: पीएनआर (…), पुणे-नागपूर, १६ नोव्हेंबर २०२४: कंपनीने रद्द केलेल्या विमानाचा उरलेला रिफंड ९,७५० रु. आणि भरपाई १२,९०० रु.
>
> महोदय,
>
> वरील पीएनआरवर आम्हा तिघांची १६ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी ६:०५ च्या विमानाची तिकिटं होती. १५ नोव्हेंबरला रात्री ९:४२ वाजता आपल्या एसएमएसने हे विमान ऑपरेशनल कारणांमुळे रद्द झाल्याचं कळवण्यात आलं आणि आम्हाला न विचारता १७ नोव्हेंबर दुपारी २:३५ च्या विमानात जागा देण्यात आली. हे पर्यायी विमान आम्ही स्वीकारलेलं नाही आणि त्यातून प्रवासही केलेला नाही.
>
> आपल्या फोन क्रमांकावर संपर्क न झाल्याने त्याच रात्री ११:१५ वाजता मी पोर्टलवरून बुकिंग बंद केलं. त्या वेळी विमान आपल्याकडून आधीच रद्द झालेलं होतं. ही नोंद व्हॉलंटरी कॅन्सलेशन म्हणून झाली असून प्रत्येकी ३,००० रु. कापले गेले आहेत. कृपया पीएनआर हिस्टरी तपासून हा रिफंड इनव्हॉलंटरी म्हणून दुरुस्त करावा.
>
> मागणी एक, रिफंड. तिकिटं १५,६०० रु. आणि सीट ७५० रु., एकूण १६,३५० रु. मिळाले ६,६०० रु. उरलेले ९,७५० रु. ज्या क्रेडिट कार्डवरून पैसे भरले त्यावरच परत करावेत. क्रेडिट शेल किंवा व्हाउचर मला मान्य नाही. डीजीसीएच्या सीएआर सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट २ प्रमाणे एजंटमार्फतच्या तिकिटाच्या रिफंडची जबाबदारी आपली आहे.
>
> मागणी दोन, भरपाई. निघण्याच्या वेळेला २४ तासांहून कमी अवधी असताना कळवल्यामुळे त्याच सीएआरच्या पार्ट ४ प्रमाणे प्रत्येकी ४,३०० रु. (मूळ भाडं अधिक फ्युएल चार्ज), एकूण १२,९०० रु. ही मागणी अमान्य असेल तर विमान रद्द होण्याचं नेमकं कारण लेखी कळवावं. मागणी एकचा निर्णय यासाठी थांबवू नये.
>
> पैसे पाठवल्यावर तारीख आणि एआरएन कळवावा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास सरकारच्या एअरसेवा संकेतस्थळावर तक्रार करेन.
>
> सोबत: एसएमएसचा स्क्रीनशॉट, ई-तिकीट, पोर्टलची रिफंड पावती, कार्ड स्टेटमेंट.

एआरएन कशासाठी, तर कंपनी म्हणते पाठवले आणि बँक म्हणते आले नाहीत, तेव्हा तो नंबर बँकेला दिला की पैसे कुठे अडकलेत ते शोधता येतं. यूपीआयने भरले असतील तर त्याचा वेगळा रेफरन्स नंबर असतो, तो मागायचा.

---

सह्याद्रीची_लेक – २३ नोव्हेंबर, रात्री ९:०२

काका, पत्र फार छान, सेव्ह करून ठेवलंय. एक भर घालते कारण मी ठाण्याहून एका विमान कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात गेले होते.

मृण्मयी, विमान कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून फ्लाइट रद्द झाल्याचं सर्टिफिकेट काढता येतं का बघ, ते आजच काढून ठेव. एसएमएसवर नंतर म्हणतात की तो आमचाच आहे कशावरून. आमच्या केसमध्ये तेच सगळ्यात जास्त कामाला आलं.

आणि गाडीचे पैसे तू आत्ता नाही मागितलेस तरी बिल जपून ठेव, टोलच्या पावत्यांसकट. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, विमान कंपनीचं ऑफिस कुठे का असेना, ऑनलाइन होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. दोन वर्षांची मुदत असते. पण वेळ लागतो हे सांगते, माझं दीड वर्ष गेलं, आणि प्रवासाच्या पर्यायी खर्चातले अर्धेच मिळाले. वकील केला नव्हता.

---

साधा_माणूस – २३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

तिकीटखिडकी काका, मान्य, "मान्य असेल असं" हे शब्द मला माहीत नव्हते, मेहुण्याला सांगतो. पण मग एवढं पत्र कशाला, सरळ बँकेत चार्जबॅक टाकायचा ना? सेवा दिलीच नाही म्हणून. बँक पैसे खेचून घेते.

---

तिकीटखिडकी – २३ नोव्हेंबर, रात्री १०:१८

टाकता येतो, पण दोन अडचणी आहेत. कार्ड स्टेटमेंटवर नाव कोणाचं आहे ते बघा. पोर्टलचं असेल तर चार्जबॅक पोर्टलविरुद्ध जाणार, आणि पोर्टल बँकेला दाखवणार की ग्राहकाने रद्द करा दाबलं, ही बघा नोंद, नियमाप्रमाणे चार्जेस कापले. म्हणजे ताईंची जी कमजोर बाजू आहे तीच पुढे येणार. दुसरं, बँक पहिलाच प्रश्न विचारते की व्यापाऱ्याकडे लेखी मागणी केली का आणि त्याने काय उत्तर दिलं. म्हणून पत्र आधी. नकार आला की तो जोडून चार्जबॅक. मात्र त्याला मुदत असते, त्यामुळे महिनोन्‌महिने पत्र-पत्र खेळत बसू नका, बँकेला फोन करून शेवटची तारीख विचारून ठेवा.

---

वसईवाली – २४ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

८ जुलैला मुंबईत जो पाऊस कोसळला त्यात आमचं सकाळचं विमान रद्द झालं होतं. भरपाई मागितली, हवामान म्हणून नाही म्हणाले, ते ठीक आहे. पण त्याच वेळी रिफंडऐवजी क्रेडिट शेल दिलं आणि आम्ही गप्प घेतलं, कारण वाटलं पावसात कंपनी तरी काय करणार. आज कळतंय की पैसे मागता आले असते. अजून मागता येतील का? शेल वापरलेलं नाही.

आणि आईचा अजून एक प्रश्न आहे, तिने फोनवर दुसऱ्या दिवशीच्या विमानाला हो म्हटलं होतं आणि दोन तासांनी नाही म्हणाली. ते स्वीकारलं धरतात का?

---

तिकीटखिडकी – २४ नोव्हेंबर, दुपारी ४:५०

शेल वापरलेलं नसेल तर मागा. "मी हे निवडलेलं नव्हतं, आपोआप दिलं गेलं, मूळ कार्डवर परत करा" असं लिहा. शेल देतानाच्या मेलमध्ये तुम्ही कुठे हो क्लिक केलं होतं का तेवढं आधी तपासा, केलं असेल तर अवघड होतं.

आईंचं मात्र मला खात्रीने सांगता येणार नाही. फोनवरचा होकार रेकॉर्ड होतो आणि कंपनी तो दाखवते. माझ्या वेळी आम्ही काउंटरवर अशांना रिफंड द्यायचो, नवीन विमान उडायच्या आत नाही म्हणाले असतील तर. आता कॉल सेंटरवाले तसं करतात असं दिसत नाही.

---

सह्याद्रीची_लेक – २४ नोव्हेंबर, सायंकाळी ६:०८

मला वाटतं एकदा हो म्हटलं की स्वीकारलं. नाहीतर कंपनीने ती सीट दुसऱ्याला दिली नाही त्याचं काय. पण पाऊण तास होल्डवर ठेवून घाईत विचारलेल्या प्रश्नाला हो म्हटलेलं खरंच होकार धरायचा का, तेही पटत नाही.

---

मृण्मयी_कोथरूड – १९ डिसेंबर २०२४, रात्री ८:३०

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

पत्र २५ नोव्हेंबरला नोडल ऑफिसरला पाठवलं, काकांनी लिहिलं तसंच, फक्त इंग्रजीत. सर्टिफिकेट आदल्याच दिवशी वेबसाइटवरून काढलं होतं, तेही जोडलं. दहा दिवस काहीच नाही. मग उत्तर आलं की रिफंड एजंटला पूर्ण दिलेला आहे. मी विचारलं कोणत्या तारखेला, किती, रेफरन्स काय, तर गप्प. ११ डिसेंबरला पंधरा दिवस संपल्यावर एअरसेवावर तक्रार टाकली, पत्र आणि सगळे स्क्रीनशॉट जोडून. चौथ्या दिवशी कंपनीच्या एका बाईंचा फोन आला, त्यांनी स्वतःच सांगितलं की हिस्टरी बघितली, तुमचं रद्द करणं आमच्या नंतरचं आहे, हा रिफंड इनव्हॉलंटरी करतोय. काका, अगदी तोच शब्द! काल ९,७५० कार्डवर जमा झाले, एआरएनसकट मेल आला.

भरपाई नाकारलीय. कारण लेखी मागितलं होतं ना, तर लिहिलंय "अनपेक्षित तांत्रिक बिघाड, कंपनीच्या नियंत्रणाबाहेर". आणि एअरसेवावर तक्रार "निराकरण झालं" म्हणून बंद करून टाकली, अर्धीच सुटलेली असताना. तांत्रिक बिघाड हाताबाहेरच्या यादीत येतो का? एसएमएसमध्ये तर ऑपरेशनल होतं, बिघाड हा शब्द महिन्याने आला.

पोर्टलची १,०५० फी नाहीच म्हणाले, ती विमान कंपनीकडे गेलेलीच नाही त्यामुळे कंपनीही देणार नाही.

---

तिकीटखिडकी – १९ डिसेंबर, रात्री ९:५५

९,७५० आले, फार बरं वाटलं ताई.

तांत्रिक बिघाड हा शब्द त्या यादीत लिहिलेला नाही. कंपन्या तो "नियंत्रणाबाहेरचं" मध्ये घालतात. युरोपात न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय की विमानाचा बिघाड हा धंद्याचाच भाग आहे, साधारणपणे त्याची सबब चालणार नाही, इथे राइनकाठींचं युरोप कामाला आलं बघा, पण तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. आपल्याकडे आयोगापुढे तुम्हाला मांडावं लागेल की कारण बदललं, आधी ऑपरेशनल आणि मग तांत्रिक, आणि बिघाड नियंत्रणाबाहेरचा होता हे कंपनीने कागदाने दाखवावं. ते दोन्ही मेल प्रिंट करून ठेवा. आत्ता कंपनीच्या अपेलेट अथॉरिटीला, म्हणजे नोडल ऑफिसरच्या वरच्या अधिकाऱ्याला, एक छोटं पत्र टाका, फक्त १२,९०० चं, रिफंडचा विषय आता काढू नका.

---

मृण्मयी_कोथरूड – १९ डिसेंबर, रात्री १०:२०

टाकते उद्याच. मसुदा इथेच लावेन, बघाल ना काका? आणि सह्याद्रीची_लेक, ते ऑनलाइन तक्रारीचं तू कसं केलंस ते मला मेसेज करशील का, गाडीचं बिल आणि टोलच्या पावत्या सापडल्यात सगळ्या.